हप्ते संपले की मशीन फुकट?

*रबाळे एमआयडीसीत आम्हा दोघा भावांचा जॉबवर्कचा छोटा गाळा आहे. दोन जुनी लेथ आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून चालू झालेली एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन. तिच्यासाठी २४ लाखांचं कर्ज काढलं (पाच वर्षं, १०.५ टक्के, हप्ता ५१,५८५ रुपये) आणि वरचे ९.६० लाख घरचे घातले. वहीत मी हेच पैसे खर्च म्हणून लिहितो. त्यामुळे २०२३-२४ ला ४.७० लाख तोटा दिसतो, पुढच्या वर्षी ६.८१ लाख नफा आणि २०२५-२६ ला ७.४१ लाख नफा. सीएंच्या कागदावर मात्र ह्या मशीनचा घसारा ५.०४ लाख, मग ४.२८, मग ३.६४ असा उतरत गेलाय आणि नफा वेगळाच आहे. खरा नफा कुठला? धाकटा भाऊ म्हणतो, सप्टेंबर २०२८ ला हप्ते संपले की मशीन फुकट, मग तासाचा दर ५५० वरून ३५० करू आणि आजूबाजूची सगळी कामं ओढू. त्याचं बरोबर आहे का? बिलांची यादी आणि महिन्याच्या तासांची नोंद सोबत जोडली आहे.*

*— एक वाचक, नवी मुंबई*

भावाच्या दराने काम केलंत तर त्या मशीनवर एक रुपयाही नफा उरणार नाही, आणि तरीही बँकेत दर महिन्याला पैसे साठताना दिसतील. म्हणूनच हा घोळ लवकर लक्षात येत नाही. असं का होतं ते तुमच्याच आकड्यांतून पाहू. आधी खऱ्या नफ्याचा हिशेब, मग दराचा.

तुमच्या वहीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात पडल्या आहेत. मशीनचे पैसे तुम्ही कसे चुकते केलेत ही एक, आणि मशीन किती झिजलं, म्हणजेच घसारा, ही दुसरी. पैसे चुकते करायला पाच वर्षं लागतील, कारण बँकेशी तसं ठरलंय. मशीन त्याहून जास्त वर्षं काम देईल. बँकेने सात वर्षांची मुदत दिली असती तर हप्ता कमी झाला असता आणि वहीत नफा वाढलेला दिसला असता, पण गाळ्यात तेच मशीन, तेच काम आणि तोच दर राहिला असता. कर्जाची मुदत बदलल्याने जो नफा बदलतो, तो धंद्याचा नफा नव्हे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मशीनची खरी किंमत एका जागी लिहिणं. तुमच्या यादीतून ती अशी निघते. मूळ बिल ३० लाख. वाहतूक आणि वाटेतला विमा ४५ हजार. ट्रकवरून उतरवून जागेवर बसवायला हायड्रा आणि रिगरची मजुरी २५ हजार. फाउंडेशन ७० हजार. स्टॅबिलायझर, केबल आणि वेगळं अर्थिंग १ लाख. बेरीज ३२.४० लाख. मशीन काम करण्याजोगं होईपर्यंत जे जे लागलं ते सगळं ह्यात येतं. पुष्कळ जण फक्त मूळ बिल धरतात आणि फाउंडेशन 'बांधकाम खर्च' म्हणून त्याच वर्षी उडवून टाकतात. पण मशीन हलवलं तर ते फाउंडेशन काही बरोबर नेता येत नाही. त्याचं आयुष्य मशीनएवढंच, म्हणून ते मशीनच्याच किमतीत.

टूल होल्डर आणि व्हाइस मिळून १.२० लाखांचे आहेत, ते मी वेगळे ठेवले. होल्डरचा टेपर चार-पाच वर्षांत खराब होतो, तेव्हा त्यांना मशीनएवढं आयुष्य देणं चूक ठरेल. इन्सर्ट, एंडमिल, कूलंट, स्लाइडवे ऑइल हे वापरून संपतं, ते सरळ त्या महिन्याचा खर्च. एक साधी कसोटी लावा: पुढच्या दिवाळीपर्यंत टिकणार नसेल तर खर्च, तीन दिवाळ्या टिकणार असेल तर यादीत वेगळी ओळ.

३२.४० आणि १.२० मिळून ३३.६० लाख, म्हणजे तुमचं कर्ज आणि घरचे पैसे मिळून होणारी रक्कम. ह्यात जीएसटी नाही हे बरोबरच आहे. बिलावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही क्रेडिट म्हणून घेतलाय, त्यामुळे तो तुमचा खर्च नाही. जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं आणि त्याच रकमेवर आयकरात घसाराही मागायचा, असं दोन्ही चालत नाही. घसारा मागितला तर जीएसटी कायद्याप्रमाणे तेवढं क्रेडिट मिळत नाही. ज्यांना क्रेडिट मिळतच नाही, म्हणजे ज्यांची जीएसटी नोंदणी नाही किंवा जे कंपोझिशनमध्ये आहेत, त्यांनी मात्र तो कर मशीनच्या किमतीत धरावा.

दुसरं काम आयुष्य ठरवण्याचं. इथे लोक अडतात, कारण हा आकडा कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. तो अंदाजच असतो, पण अंदाजालाही आधार लागतो. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साधारण यंत्रांना एका पाळीच्या वापरावर १५ वर्षांचं आयुष्य दिलंय, आणि दोन पाळ्या चालवलं तर तेवढ्या काळाचा घसारा ५० टक्क्यांनी वाढवायचा असा नियम आहे. तुमची कंपनी नाही, त्यामुळे तो तुम्हाला बंधनकारक नाही. पण दिशा कळते: जास्त तास, कमी वर्षं. तुमच्या नोंदीत महिन्याला सरासरी २५० बिलाचे तास दिसतात. २५ दिवसांत आठ तासांची एक पाळी म्हणजे २००, तेव्हा तुम्ही एका पाळीच्या बरेच पुढे आहात.

जॉबवर्कमध्ये मशीन कधी बंद पडेल ह्यापेक्षा ते ५५० रुपये तासाचं काम किती वर्षं देऊ शकेल हे महत्त्वाचं. बॉलस्क्रूमध्ये बॅकलॅश वाढतो, स्पिंडलचं बेअरिंग आवाज करू लागतं, गाइडवे झिजतात. मशीन चालतं, पण मोजमाप पकडत नाही. मग ते हळूहळू ढोबळ कामावर जातं आणि दर उतरतो. कंट्रोलर जुना झाला की ड्राइव्ह आणि कार्डं मिळायला वेळ लागतो, ते वेगळंच. हे सगळं पाहता तुमच्या वापराला आठ वर्षं धरणं मला योग्य वाटतं. कुणी दहा धरलं तर भांडणार नाही. पंधरा धरलं तर मात्र भांडेन, कारण मग दरवर्षीचा खर्च खोटा कमी दिसेल.

आठ वर्षांनी मशीन विकून काय येईल, तेही आत्ताच धरायचं. त्यासाठी जुन्या मशीनच्या दोन-तीन दलालांना तुमच्याच मेकच्या, तेवढ्याच टेबलच्या, आज सात-आठ वर्षांच्या झालेल्या मशीनचा भाव विचारा. जाहिरातीतला भाव धरू नका, तो मागणीचा असतो, मिळणारा नव्हे. इथे मी ६ लाख धरतो. फाउंडेशन, केबल आणि हायड्राचे त्यात काहीच परत येणार नाहीत. होल्डर-व्हाइसची मोडीची किंमत शून्य धरतो.

आता भागाकार. ३२.४० लाखांतून ६ लाख वजा केले की राहतात २६.४० लाख. भागिले आठ म्हणजे वर्षाला ३.३० लाख, महिन्याला २७,५००. होल्डर-व्हाइसचे १.२० लाख भागिले चार, वर्षाला ३० हजार, महिन्याला २,५००. एकूण घसारा महिन्याला बरोबर ३० हजार, वर्षाला ३.६० लाख. एक्सेलमध्ये ठेवायचं असेल तर मशीनच्या ओळीत एवढंच लिहा, उत्तर ३,३०,००० येईल:

```
=SLN(3240000,600000,8)
```

ही रक्कम दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला खर्चात घाला. टॅलीत असाल तर जर्नल व्हाउचरने घसारा खातं नावे आणि संचित घसारा खातं जमा. बँकेला हात लागत नाही. वर्षअखेरीला एकदम घालण्यापेक्षा महिन्याला घालणं बरं, कारण दिवाळीत गाळा दहा दिवस बंद राहिला तरी मशीनचे ३० हजार चालूच असतात, आणि त्या महिन्याचा आकडा बघून ते समजतं. सुरुवात बिलाच्या तारखेपासून नाही, मशीन उत्पादनाला लागलं त्या तारखेपासून. म्हणून २०२३-२४ ला तुमच्याकडे सहाच महिन्यांचा घसारा आहे, १.८० लाख.

कर्जाचं काय? हप्त्यातला फक्त व्याजाचा भाग खर्च आहे. मुद्दल म्हणजे तुमचंच देणं कमी होणं. बँकेकडून कर्जाचं वार्षिक विवरण घेतलं की दोन्ही भाग वेगळे मिळतात. तुमच्या कर्जावर पहिल्या सहा हप्त्यांत साधारण १.२२ लाख व्याज गेलं, २०२४-२५ ला २.१३ लाख आणि २०२५-२६ ला १.६८ लाख.

आता तुमच्या वहीतले आकडे उलटे सोडवू. त्यात तुम्ही घातलेले घरचे पैसे आणि हप्ते परत मिळवले, तर मशीनचा कुठलाही खर्च धरण्याआधीची शिल्लक पहिल्या वर्षी ८ लाख, दुसऱ्या वर्षी १३ लाख आणि तिसऱ्या वर्षी १३.६० लाख निघते. त्यातून व्याज आणि घसारा वजा करा:

| वर्ष | आधीची शिल्लक | व्याज | घसारा | खरा नफा | तुमच्या वहीत |
|---|---|---|---|---|---|
| २०२३-२४ | ८.०० | १.२२ | १.८० | ४.९८ | तोटा ४.७० |
| २०२४-२५ | १३.०० | २.१३ | ३.६० | ७.२७ | ६.८१ |
| २०२५-२६ | १३.६० | १.६८ | ३.६० | ८.३२ | ७.४१ |

(आकडे लाखांत)

ज्या वर्षाला तुम्ही तोट्याचं समजत होता त्या वर्षी धंद्याने पाच लाखांच्या आसपास कमावले होते. घरचे ९.६० लाख त्या वर्षी गेले खरे, पण ते खर्च झाले नव्हते. रोख पैशाचं मशीन झालं होतं, आणि ते गाळ्यातच उभं होतं.

तिसऱ्या वर्षाकडे जरा थांबून पाहा, कारण इथे हमखास प्रश्न येतो: नफा ८.३२ लाख, मग हातात ७.४१ च का? फरक ९१ हजारांचा आहे. त्या वर्षी मुद्दल म्हणून तुम्ही ४.५१ लाख बँकेला दिले, ते नफ्याच्या हिशेबात खर्च नाहीत पण खिशातून गेले. उलट घसाऱ्याचे ३.६० लाख खर्चात धरले पण खिशातून गेले नाहीत. ४.५१ वजा ३.६० म्हणजे ०.९१. दरवर्षी हा ताळा करून पाहा. जुळला नाही तर कुठेतरी मुद्दल खर्चात शिरलंय, किंवा घरचा खर्च धंद्याच्या खात्यातून गेलाय.

इथे एक कडू गोष्ट. हे ८.३२ लाख दोघा भावांच्या पगाराआधीचे आहेत. तुमच्या नोंदीप्रमाणे व्हीएमसीवर तुम्ही दोघे आळीपाळीने उभे राहता आणि पगार घेत नाही. तुमच्याऐवजी ऑपरेटर-सेटर ठेवला असता तर त्याला जे दिलं असतं, ते स्वतःच्या हिशेबात तरी खर्च धरा. आयकरात मालकाचा स्वतःचा पगार खर्च म्हणून चालत नाही, भागीदारी असेल तर त्याचे नियम आणि मर्यादा वेगळ्या. पण आत्ता प्रश्न कराचा नाही, धंदा परवडतो की नाही ह्याचा आहे.

सीएंचे आकडे वेगळे का, तेही ह्याच ओघात सांगतो. ते चुकलेले नाहीत. आयकरात साधारण यंत्रांचा घसारा उतरत्या शिल्लकेवर १५ टक्के दराने निघतो. ३३.६० लाखांचे १५ टक्के ५.०४ लाख. उरले २८.५६ लाख, त्याचे १५ टक्के ४.२८. पुढे ३.६४, मग ३.१०, असा तो उतरत जातो आणि कधीच शून्य होत नाही. शिवाय मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर पहिल्या वर्षी दर निम्मा. तुमचं १ ऑक्टोबरला चालू झालं आणि फेब्रुवारी २०२४ हा २९ दिवसांचा होता, म्हणून ३१ मार्चपर्यंत १८३ दिवस भरले आणि पूर्ण दर मिळाला. दिवाळीच्या मुहूर्तावर चालू केलं असतं तर त्या वर्षी २.५२ लाखच मिळाले असते. हा सगळा कराचा नियम आहे. मशीनच्या झिजेला तो विचारत नाही.

तिसऱ्या वर्षीचे तुमचे ३.६० आणि सीएंचे ३.६४ जवळ आले म्हणून दोन्ही एकच आहेत असं समजू नका. पहिल्या वर्षी सीएंचा घसारा १.८० ऐवजी ५.०४ होता, त्यामुळे कराच्या कागदावर नफा पावणेदोन लाखांच्या आसपास दिसला. चौथ्या वर्षापासून उलटं होईल: त्यांचा घसारा तुमच्यापेक्षा कमी, नफा जास्त, आणि करही जास्त. आठ वर्षं एकत्र पाहिली तर दोन्ही रस्ते बरेच जवळ येतात. कराचं विवरण सीएंच्या आकड्यावरच भरा, दर ठरवायला आणि भावाशी बोलायला तुमचा कागद वापरा. दोन कागद ठेवणं म्हणजे दोन नंबरचा हिशेब नव्हे. बिलं तीच, विक्री तीच, फरक फक्त झीज वाटून घेण्याच्या पद्धतीचा.

एक बारीक गोष्ट सीएंना विचारून घ्या. हायड्रावाल्याचे किंवा फाउंडेशनचे पैसे रोखीने दिले होते का? यंत्राच्या खरेदीसाठी एका दिवसात एकाच माणसाला १० हजारांवर रोख दिली तर आयकरात ती रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाहीत. तुमच्या कागदावर मात्र ती राहणारच, कारण पैसे गेलेच आहेत.

आता दर. व्हीएमसीचे वर्षाचे बिलाचे तास ३,०००. तुमच्या नोंदीवरून वीज, मदतनीस, इन्सर्ट, कूलंट, देखभाल आणि भाड्यातला वाटा मिळून तासाला २३० रुपये पडतात. घसारा ३.६० लाख भागिले ३,०००, म्हणजे तासाला १२०. यंदाचं व्याज तासाला ५६. एकूण ४०६. दर ५५०, म्हणजे तासाला १४४ रुपये उरतात, तेही तुमच्या पगाराआधी.

भावाचं गणित असं: हप्ते संपले, खर्च २३०, दर ३५०, तासाला १२० रुपये सुटले, वर्षाला ३.६० लाख. बँकेत ते खरोखर दिसतील. पण हे १२० रुपये म्हणजे तंतोतंत मशीनची झीज आहे. व्याज संपलेलं असेल, घसारा नाही, कारण कर्ज सप्टेंबर २०२८ ला फिटतं आणि मशीनची आठ वर्षं सप्टेंबर २०३१ ला भरतात. मधली तीन वर्षं दोघांनी ते पैसे नफा समजून घरी नेले, तर २०३१ ला हातात झिजलेलं मशीन आणि त्याचे सहा लाख, बस. त्यात ऑपरेटरचा पगार धरा, समजा महिन्याला २५ हजार, २५० तासांवर म्हणजे तासाला १०० रुपये. मग खरा खर्च ४५० होतो आणि ३५० च्या दराने तासाला १०० रुपये तोटा, वर्षाला ३ लाख. तो तोटा तुम्ही स्वतःच्या मजुरीतून भराल, म्हणून दिसणार नाही.

दर उतरवायचाच असेल तर त्याची वाट तासांमधून जाते. ३,००० ऐवजी ४,५०० तास बिलाचे झाले तर घसारा तासाला १२० वरून ८० वर येतो आणि भाड्याचा वाटाही घटतो. पण तेवढ्या तासांना दुसरी पाळी लागेल, ऑपरेटर ठेवावाच लागेल आणि मशीन आठ वर्षं टिकणार नाही. सहा धरलं तर घसारा वर्षाला ४.४० लाख अधिक होल्डरचे ३० हजार, म्हणजे ४.७० लाख, तासाला १०४. म्हणजे दर उतरवायला मिळतात ते सोळा रुपये आणि भाड्यातले थोडे. दोनशे नव्हे. कामं खेचण्यासाठी पाच-सात टक्के सूट देता येईल, ती एकाच ग्राहकाकडून महिन्याला ठरावीक तासांची लेखी ऑर्डर असेल तरच.

वापर असा कमी-जास्त होत असेल तर महिन्याऐवजी तासांवर घसारा काढणं जास्त नेमकं पडतं. २६.४० लाख भागिले आठ वर्षांचे २४,००० तास, म्हणजे मशीनचे तासाला ११०. त्यासाठी नोंद बिलाच्या तासांची ठेवा. फॅनुक कंट्रोलर असेल तर त्याच्या पडद्यावर `CUTTING TIME` ची वेळही दिसते. महिनाअखेरीला तो आकडा वहीत उतरवा. बिलाचे तास आणि कटिंगचे तास ह्यांतली तफावत वाढत गेली तर सेटिंगमध्ये वेळ जातोय हेही त्यातून कळतं. मात्र ह्या पद्धतीत मशीन रिकामं उभं राहिलं की घसारा शून्य दिसतो, जे खरं नाही. जुनं ते होतच असतं. तुमच्या कामाला महिन्याचे ३० हजार ही सरळ पद्धतच मी ठेवीन.

आठ वर्षांचा अंदाज चुकतोय हे कळणार कसं? दर सहा महिन्यांनी डायल लावून तिन्ही अक्षांचा बॅकलॅश मोजा आणि मशीनच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. कंट्रोलरमध्ये भरपाई वाढवत नेण्याची पाळी लवकर येऊ लागली, किंवा मोजमापामुळे परत येणारे नग वाढले, तर आयुष्य कमी धरा. मागची वर्षं उकरायची नाहीत, फक्त पुढचं बदलायचं. उदाहरणार्थ मार्च २०२६ अखेर मशीनचा ८.२५ लाख घसारा झाला, पुस्तकी किंमत २४.१५ लाख. आता चारच वर्षं उरली असं वाटलं तर सहा लाख वजा करून १८.१५ लाख भागिले चार, वर्षाला साधारण ४.५४ लाख. दर ठरवताना त्याच दिवसापासून हा आकडा वापरा.

दुरुस्तीचंही असंच. स्पिंडलची बेअरिंगं बदलली तर मशीन पुन्हा पहिल्यासारखं झालं, नवीन काही मिळालं नाही, खर्चात टाका. चौथा अक्ष बसवला आणि नवीन प्रकारचं काम घेता येऊ लागलं तर ती भर आहे; मशीनची जेवढी वर्षं उरली तेवढ्यांत ती वाटा.

घसारा लिहिल्याने बँकेत पैसे आपोआप जमत नाहीत, हे भावाला स्पष्ट सांगा. आत्ता ते पैसे मुद्दल फेडण्यात जातात, म्हणून वेगळे काढायला उरत नाहीत आणि त्याची गरजही नाही. ऑक्टोबर २०२८ पासून मात्र ५१,५८५ चा हप्ता चालूच आहे असं समजून तेवढीच रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. छत्तीस महिन्यांचे व्याज सोडून १८.५७ लाख होतात. जुन्या मशीनचे सहा लाख धरले तर २४.५७. महिन्याला घसाऱ्याएवढे ३० हजारच टाकलेत तर १०.८० आणि सहा, म्हणजे १६.८०. २०३१ चं मशीन २०२३ च्या भावात मिळेल असं धरू नका, त्यामुळे दोन्ही बाबतींत वर कर्ज लागेलच, पण किती लागेल ते ह्यावर ठरेल. भावाला ५५० चा दर पटवून द्यायचा असेल तर त्याला ह्या दोन बेरजाच दाखवा, आणि त्या ठेवीवर दोघांची सही असू द्या.